लाइव्ह एडचे पैसे: एक हिशेब, दोन पोस्टर आणि एक शिवी

आजचा एपिसोड थोडा आकडेमोडीचा आहे, पण घाबरू नका, पाचवीच्या गुणाकारापलीकडे काही नाहीये.

आधी एक कबुली. कॉलेजला असताना आम्ही पूरग्रस्तांसाठी एक रात्रभराचं लाइव्ह स्ट्रीम केलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात जमलेल्या रकमेचा आकडा दाखवणारं पान मी लिहिलं होतं. पहाटे मी मोठ्या अभिमानाने ‘चार लाख’ जाहीर केले. पंधरा दिवसांनी बँकेत होते पावणेतीन. कुणीच चोरी केली नव्हती. माझा कोड ‘देईन’ म्हणणाऱ्यालाही ‘दिले’ असंच मोजत होता. ज्यांना मदत पोचवायची होती त्यांना फोन करून यादी लहान करावी लागली. तो फोन मीच केला, आणि तो अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून मदतनिधीच्या कुठल्याही कार्यक्रमाचा आकडा ऐकला की माझा हात कॅल्क्युलेटरकडे जातो. म्हणून आज बोलूया ‘लाइव्ह एड’बद्दल. तारीख १३ जुलै १९८५. इथिओपियातल्या दुष्काळासाठी लंडनचं वेम्बली आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाचं जेएफके स्टेडियम, एकाच दिवशी दोन मैफिली, जगभर थेट प्रक्षेपण. आयोजक होते बॉब गेल्डॉफ आणि मिज युर. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिनेमा पाहिला असेल तर शेवटचा सीन आठवा: क्वीन गायला लागतात आणि फोन धडाधडा वाजू लागतात.

आता आकडे बघू. वेम्बलीचा कार्यक्रम दुपारी १२ ला सुरू झाला. जवळजवळ सात तास झाल्यावर गेल्डॉफने विचारलं, किती जमले? उत्तर आलं, सुमारे १२ लाख पौंड. त्याचा चेहरा पडला. त्यानंतर देणग्यांचा वेग सेकंदाला ३०० पौंडांवर गेला, असं सांगितलं जातं. आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत आकडा होता ४ ते ५ कोटी पौंड.

हे तिन्ही आकडे तुम्हाला एकाच लेखात, एकाच परिच्छेदात सापडतील. एकमेकांशी जुळतात का, ते करून बघू.

संध्याकाळचे ७ वाजलेत असं धरा. फिलाडेल्फियाचा शेवट ब्रिटनच्या घड्याळात पहाटे ४ च्या सुमाराला झाला. म्हणजे ९ तास, म्हणजे ३२,४०० सेकंद. गुणिले ३००, झाले ९७ लाख २० हजार पौंड. त्यात आधीचे १२ लाख मिळवा. सुमारे १ कोटी ९ लाख. हेही उदार मनाने, कारण पहाटे ३ ला ब्रिटन झोपलेलं असतं आणि तो वेग रात्रभर टिकणं शक्य नाही. आता तिकिटं घ्या. वेम्बलीत सुमारे ७२,००० माणसं, तिकीट २५ पौंडांचं: ५ प्रवेशाचे आणि २० देणगीचे. सगळी तिकिटं विकली गेली असं धरलं तरी १८ लाख.

एकूण? सव्वा कोटीच्या जरा वर. बातमीत ४ कोटी.

मग बातमी खोटी का? थांबा, इथेच आपण घाई करतो. जुळत नाही म्हणजे कुणीतरी खाल्ले असं नव्हे. बहुतेक वेळा दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. १२ लाख हा ब्रिटनच्या फोनवरचा त्या क्षणाचा आकडा होता. ४ कोटीत अमेरिका आणि इतर देश आले तरच तो शक्य आहे. आणि दुसऱ्याच दिवशी सांगितलेल्या आकड्यात नुसती आश्वासनंही असू शकतात, जी अजून बँकेत पोचलेली नाहीत. हल्ली १५ कोटी पौंड असा आकडा सांगतात, तोही अंदाज आहे, आणि तो त्या एका रात्रीचा नाही, नंतरच्या वर्षांत जमलेलंही त्यात धरलेलं आहे. त्यामुळे ‘लाइव्ह एडने किती जमवले’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कुठे, कधीपर्यंत, आणि शब्द की रोकड, हे तीन उपप्रश्न विचारल्याशिवाय आकडा अर्धवट आहे.

आणि आता ती प्रसिद्ध शिवी. गेल्डॉफ टीव्हीवर ओरडला, ‘द्या ना तुमचे ते पैसे!’ आणि मध्ये शिवी हासडली, असं सगळ्यांना आठवतं. प्रत्यक्षात शिवी पैशाला नव्हतीच. बीबीसीचा निवेदक डेव्हिड हेपवर्थ चेक पाठवायचा पत्ता सांगायला लागला होता. गेल्डॉफने त्याला तोडलं आणि शिवी घातली ती पत्त्याला: तो पत्ता राहू दे, आधी फोन नंबर दाखवा!

मला हे भारी वाटतं, कारण त्या शिवीत हिशेबाची समज आहे. पत्ता म्हणजे पोस्टाने चेक, म्हणजे चार दिवसांनी, तोही आठवण राहिली तर. बीबीसीच्या फोनवर मात्र लगेच क्रेडिट कार्डने देणगी घेत होते. ‘देईन’ आणि ‘दिले’ यांच्यातलं अंतर कमी करायला तो माणूस ओरडत होता. माझ्या कोडला जे कळलं नाही ते त्याला कळलं होतं.

आता पाहुणे. कोण आलं होतं हे तपासायला लोक पोस्टर बघतात. पोस्टरवर ‘टिअर्स फॉर फिअर्स’ आहेत, पण ते आलेच नाहीत, आयत्या वेळी गळाले. म्हणजे पोस्टर हेसुद्धा आश्वासनच. मग डीव्हीडी बघावी? २००४ साली चार डिस्कचा संच निघाला. त्यात लेड झेपेलिन नाहीत. पण ते फिलाडेल्फियात वाजवून गेले होते, फिल कॉलिन्स ड्रम्सवर होता. सादरीकरण फसलं म्हणून त्यांनी ते संचात घालू दिलं नाही. हाच कॉलिन्स त्या दिवशी आधी वेम्बलीत गायला होता आणि मग कॉन्कॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून गेला. ऐकायला थाप वाटते, पण दोन्हीकडचं चित्रण आहे.

पोस्टरवर नाव आहे म्हणून आला असं नाही, डीव्हीडीत नाही म्हणून आला नाही असंही नाही. विश्वास ठेवायचा तो त्या दिवशी प्रत्यक्ष प्रसारित झालेल्या चित्रणावर आणि त्याच्या वेळेवर. पोस्टर आधी छापतात, संच नंतर निवडून कापतात.

पुढच्या वेळी एखाद्या लाइव्ह स्ट्रीमच्या कोपऱ्यात आकडा पळताना दिसला, तर महिनाभराने परत जा आणि खात्यात किती आले ते आयोजकांना विचारा. आम्ही आता आमच्या स्ट्रीमवर दोन आकडे दाखवतो, ‘कबूल’ आणि ‘जमा’. दुसरा नेहमी छोटा असतो. मदत पोचवायची यादी मात्र आम्ही त्याच्यावरूनच करतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!