दुपारी १५:३८

खालची कंपनी काल्पनिक आहे. तिच्यातलं बिघडण्याचं गणित मात्र कुठल्याही जावा प्रणालीवर ताडून पाहता येईल.

सेवा ऑर्डर घेते. ऑर्डर नोंदली की ग्राहकाला एसएमएस पाठवण्याचं काम मागच्या रांगेत टाकते आणि लगेच "ऑर्डर मिळाली" असं उत्तर देते. सर्व्हर तीन. प्रत्येकावर सेकंदाला ४० ऑर्डरी येतात आणि एसएमएस पाठवायला २० थ्रेड आहेत. एसएमएसच्या गेटवेकडून उत्तर यायला २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक सर्व्हर सेकंदाला १०० संदेश सहज पाठवू शकतो. हे सगळं ज्या ओळीवर उभं आहे ती अशी:

```java
ExecutorService smsPool = Executors.newFixedThreadPool(20);
```

नावात `Fixed` आहे, पण ठरलेले असतात ते फक्त थ्रेड. त्यांच्यामागच्या रांगेची मर्यादा २१४ कोटींहून जास्त आहे. तिला मर्यादाच नाही म्हटलं तरी चालेल.

१०:०० (५ तास ३८ मिनिटं बाकी)
गेटवेचं उत्तर २०० ऐवजी ६०० मिलिसेकंदांनी येऊ लागतं. एकही संदेश फसत नाही. पण प्रत्येक सर्व्हरची क्षमता सेकंदाला १०० वरून ३३ वर येते आणि येणारी कामं ४० च राहतात. मिनिटाला ४०० कामं मागे उरू लागतात.

१०:०५
रांगेत २,००० कामं. हा आकडा कुठल्याही पडद्यावर दिसत नाही, कारण रांगेची लांबी मोजायचं कधी ठरलंच नव्हतं. मोजले जातात चुकांचं प्रमाण, सीपीयू, मेमरी आणि वेबसाइटचा प्रतिसादवेळ. चारही हिरवे. प्रतिसादवेळ हिरवा राहणारच. रांग कधीच "जागा नाही" म्हणत नाही, त्यामुळे पुढच्या दारी कोणाला काही जाणवत नाही.

११:०० (४ तास ३८ मिनिटं बाकी)
रांगेत २४,०००. आता टाकलेला संदेश १२ मिनिटांनी निघेल. प्रत्येक कामाने आपल्यासोबत अख्खी ऑर्डर धरून ठेवली आहे: पत्ता, वस्तू, पावतीचा मजकूर. साधारण २० किलोबाइट. संदेशाला खरं तर फक्त ऑर्डरचा क्रमांक पुरला असता. एका तासात ४८० मेगाबाइट अडकले आहेत.

११:४०
गेटवे कंपनीची ईमेल येते: प्रतिसाद संथ आहे, संदेश जात आहेत. ती खरेदी विभागाच्या पत्त्यावर जाते, कारण करार त्यांनी केला होता. खरेदी विभाग ती वाचतो. संदेश जात आहेत असं तिच्यात लिहिलेलं आहे.

१२:१५
ग्राहक-मदत कक्षात तक्रार येते: एसएमएस उशिरा आला. "आला" म्हणून ती बंद होते. मोबाइल नेटवर्कमुळे उशीर होतो हा तिथला रोजचा अनुभव आहे आणि तो चुकीचा नाही.

१३:०० (२ तास ३८ मिनिटं बाकी)
रांगेत ७२,०००. जावाला दिलेली मेमरी ४ गीगाबाइट, तिच्यातली २.६४ आता हटणार नाही. मेमरीचा आलेख करवतीच्या दातांसारखा वर-खाली होतो: वापर चढतो, सफाई होते, उतरतो. दातांची टोकं जवळपास तिथेच आहेत. सकाळपासून वर सरकते आहे ती दातांची खालची कड, म्हणजे सफाईनंतरही उरणारी मेमरी. या प्रकारच्या बिघाडात पाहायचं असतं ते तिथेच. पण पडद्यावर दर मिनिटाचा कमाल आकडा लावलेला आहे आणि कमाल आकड्यात खालची कड दिसत नाही.

१४:१० (१ तास २८ मिनिटं बाकी)
दुसऱ्या सर्व्हरवर इशारा वाजतो: मेमरी ८५ टक्क्यांवर. दोन मिनिटांत सफाई होते, आकडा ८० वर येतो, इशारा आपोआप मिटतो. ड्यूटीवरची इंजिनिअर नोंद करते: "सफाई झाली, आपोआप पूर्ववत." असे इशारे आठवड्यातून एखाद-दोनदा येतात आणि आजवर दर वेळी हेच उत्तर बरोबर निघालं आहे.

१४:४० (५८ मिनिटं बाकी)
इशारा पुन्हा वाजतो. या वेळी मिटत नाही. तिन्ही सर्व्हरवर एकदम. भार समान वाटलेला असल्यामुळे तिघे समान वेगाने भरले आहेत. एक पडला तर दोन आहेत, हा भरवसा इथे उपयोगाचा नाही.

संशय आदल्या रात्रीच्या रिलीजवर जातो. दुसरं काही बदललेलं दिसत नाही.

१५:१० (२८ मिनिटं बाकी)
रिलीज मागे घ्यावी असा प्रस्ताव येतो. तिच्यात डेटाबेसचा एक बदल आहे. मागे घेणं सुरक्षित आहे का, हे ज्याने तो केला त्याला विचारायचं ठरतं. तो बैठकीत आहे. निर्णय सावध आणि नियमाला धरून आहे.

१५:२९
उत्तर येतं: हरकत नाही.

१५:३४ (४ मिनिटं बाकी)
नेहमीच्या पद्धतीने एकेक सर्व्हर बदलायला घेतात. पहिला बाहेर काढला जातो. त्याच्या रांगेतली सुमारे १,३३,६०० कामं प्रक्रियेबरोबर संपतात; ती फक्त मेमरीत होती. त्याच्या वाट्याच्या ऑर्डरी उरलेल्या दोघांकडे वळतात: प्रत्येकी सेकंदाला ४० ऐवजी ६०. क्षमता ३३ च. मिनिटाला ४०० नव्हे, १,६०० कामं मागे उरू लागतात. प्रत्येकाकडे मोकळी मेमरी सुमारे १३० मेगाबाइट. ती चार मिनिटं पुरते.

१५:३८

```
java.lang.OutOfMemoryError: Java heap space
```

दुसरा आणि तिसरा सर्व्हर काही सेकंदांच्या अंतराने पडतात. पहिला अजून सुरू होतो आहे.

१५:५२
तिन्ही सर्व्हर चालू. मेमरी १.२ गीगाबाइटवर. न पाठवलेले चार लाखांहून जास्त संदेश हरवले. रिलीज हेच कारण होतं अशी नोंद होते. गेटवे अजून संथ आहे, रांग पुन्हा मिनिटाला ४०० ने वाढते आहे.

१६:३०
दुसऱ्या सर्व्हरने पडताना मेमरीची प्रत डिस्कवर ठेवली होती. ती उघडल्यावर पहिल्याच पानावर `LinkedBlockingQueue$Node` या वर्गाच्या सुमारे १,४०,००० वस्तू दिसतात. रिलीजचा संबंध नाही, हे कळायला दहा मिनिटं लागतात.

१८:२०
गेटवे २०० मिलिसेकंदांवर परततो. तोवर प्रत्येक सर्व्हरवर ५९,००० कामं साठली आहेत. ती साडेसोळा मिनिटांत निपटतात.

ती ओळ कोणी लिहिली हे अहवालात नाही. एट्सी कंपनीतल्या जॉन ऑल्सपॉ यांनी २०१२ मध्ये दोषारोपाविना चौकशीची रीत मांडली, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी नाव विचारत नाहीत; त्या माणसाला त्या दिवशी ते बरोबर का वाटलं, हे विचारतात. इथे उत्तर सोपं होतं. त्या दिवशी सेकंदाला ५ ऑर्डरी येत होत्या.

नवी रचना अशी:

```java
new ThreadPoolExecutor(20, 20, 0L, TimeUnit.MILLISECONDS,
    new ArrayBlockingQueue<>(2000),
    new ThreadPoolExecutor.AbortPolicy());
```

रांग २,००० ला भरते, पुढचं काम नाकारलं जातं, त्या कामाच्या ऑर्डरचा क्रमांक डेटाबेसात जातो आणि इशारा वाजतो. `CallerRunsPolicy` वापरावी असं दोघांचं म्हणणं होतं. तिच्यात नाकारलेलं काम ऑर्डर घेणाऱ्या थ्रेडलाच करावं लागतं; संदेश हरवत नाही, पण गेटवे संथ झाला की ऑर्डर देणारा ग्राहकही थांबतो. एसएमएससाठी ऑर्डर अडवायची नाही असं ठरलं. पैसे परत करण्याची कामं वेगळ्या रांगेत जातात. तिथे काय करायचं यावर अजून एकमत झालेलं नाही.