जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी कधी घ्यावी आणि कधी घेऊ नये?

प्रवासाच्या तोंडावर जुलाब सुरू झाले की अनेक जण लोपरामाइडची गोळी घेतात. काही तासांत शौचाला जाणं कमी होतं. पण ही गोळी जंतू मारत नाही. ती फक्त आतड्यांची हालचाल मंद करते. त्यामुळे अन्नरस आतड्यात जास्त वेळ राहतो, पाणी शोषलं जातं आणि शौच घट्ट होते.

किती घ्यायची?

गोळी किंवा कॅप्सूल सहसा २ मिलिग्रॅमची असते. साधे पाण्यासारखे जुलाब असतील, ताप नसेल आणि शौचात रक्त नसेल, तर मोठ्या माणसाने सुरुवातीला २ गोळ्या आणि त्यानंतर प्रत्येक पातळ शौचानंतर १ गोळी घ्यायची असते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसात ४ गोळ्या, म्हणजे ८ मिलिग्रॅम, ही मर्यादा समजावी. दोन दिवसांत फरक पडला नाही तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जावं. लवकर गुण यावा म्हणून जास्त गोळ्या घेतल्या तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात.

ताप आणि रक्त असेल तर का नको?

समजा, लग्नाच्या जेवणानंतर एकाला सकाळी जुलाब सुरू झाले. त्याने २ गोळ्या घेतल्या, दुपारी आणखी १. संध्याकाळी १०२ अंश ताप चढला, पोटात मुरडा येऊ लागला आणि शौचात आव व रक्त दिसलं. आता चौथी गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांकडे जायचं.

याचं कारण असं, की शिगेलासारखे जंतू आतड्याच्या अस्तरात शिरून जखमा करतात. अशा वेळी जुलाबांवाटे जंतू आणि त्यांचं विष बाहेर पडत असतं. आतडं मंद केलं तर ते आतच साचतं. क्वचित मोठं आतडं प्रचंड फुगतं आणि जीवावर बेतू शकतं. अँटिबायोटिक घेतल्यानंतर सुरू झालेल्या जुलाबातही हाच धोका असतो. म्हणून तेव्हाही ही गोळी स्वतःहून घेऊ नये.

फसवं लक्षण

गोळीनंतर जुलाब थांबले, पण पोट फुगून टणक झालं, दुखणं वाढलं किंवा ताप चढला, तर तो आराम नव्हे. गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

पाण्याचं काय?

शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार ही गोळी भरून काढत नाही. त्यासाठी ओआरएसच लागतं. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्या पाण्यातच ते विरघळवून घोट घोट पीत राहावं. लघवी फार कमी झाली, उभं राहताच चक्कर आली किंवा पाणीही पोटात टिकत नसेल, तर घरी थांबू नये.

इथे दिलेलं प्रमाण फक्त मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांना ही गोळी स्वतःहून देऊ नये.