हाती काढलेल्या नकाशावरून लिहिलेली घरची वाट

पाहुण्याला घरापर्यंत आणण्यासाठी यजमान कागदावर नकाशा काढतो, त्याचा फोटो पाठवतो आणि त्या फोटोवरून कुणीतरी वाटेतल्या खुणांसह मजकूर लिहून देते. अशा मजकुराविषयी ही नोंद आहे. लग्न, वास्तुशांत किंवा कोकणातला गणपती अशा निमित्ताने तो लिहिला जातो. ज्या वाडीत रस्त्यांना नावे नाहीत आणि घरांना ठळक क्रमांक नाहीत, तिथे त्याची खरी गरज पडते. जागा शब्दांनी दाखवण्याची रीत मराठीत जुनी आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या स्थानांची नोंद करणारी चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ देवळांचा आणि दिशांचा आधार घेऊनच जागा सांगते.

नकाशा आणि मजकूर यांच्यात मूळ फरक आहे. नकाशा सगळा गाव एकदम दाखवतो आणि तो कुठूनही वाचता येतो. मजकूर मात्र एकाच बाजूने येणाऱ्या माणसासाठी असतो, त्याच्या डोळ्यांपुढे जे ज्या क्रमाने येईल त्याच क्रमाने. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी पाहुणा कोणत्या बाजूने येणार हे ठरवावे लागते, आणि कागद असा फिरवून धरावा लागतो की त्याच्या चालण्याची दिशा कागदावर वरच्या बाजूला येईल. प्रत्येक वळणावर कागद पुन्हा फिरवायचा. ही एक गोष्ट टाळली की डावे-उजवे हमखास चुकते.

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीचा नमुना घेऊ. तिथल्या यजमान आजोबांनी काढलेल्या नकाशात कागदाच्या माथ्यावर आडवी जाड रेघ आहे, तो मुंबई-गोवा महामार्ग. तिच्या डाव्या टोकाला ‘मुंबई’, उजव्या टोकाला ‘गोवा’ असे लिहिले आहे. घर तळाशी आहे. मुंबई उत्तरेला आणि गोवा दक्षिणेला, म्हणजे या कागदाची वरची बाजू पूर्व ठरते आणि घर महामार्गाच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला येते. रेघेवरून तळाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आजोबांनी डावीकडे शाळा काढली आहे. घाईत लिहिणारा ‘डाव्या हाताला शाळा’ असे लिहून मोकळा होतो. पण पाहुणा कागदाच्या वरून खाली, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून येत आहे, आणि ती शाळा त्याच्या उजव्या हाताला लागते.

‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द तर मजकुरातून काढूनच टाकावेत. कागदावर वर म्हणजे माथ्याकडे, गावकऱ्याच्या तोंडी वर म्हणजे चढाकडे, आणि ‘वरची वाडी’ हे कधी नुसते नाव असते. या तीन अर्थांपैकी कोणता घ्यायचा हे पाहुण्याला कळण्याचा मार्ग नाही.

अंतरांबाबत हाती काढलेल्या नकाशावर विसंबू नये. काढणाऱ्याला घराजवळचा भाग जिव्हाळ्याचा असतो, म्हणून तो मोठा होतो आणि लांबचा रस्ता आखडतो. या नमुन्यात महामार्ग ते शाळा दोन बोटे आहे आणि पिंपळाच्या पारापासून घर सहा बोटे. प्रत्यक्षात पहिले अंतर दीड किलोमीटर आहे आणि दुसरे जेमतेम दोनशे मीटर. अंतर यजमानाला विचारायचे, आणि ‘हाकेच्या अंतरावर’ असे उत्तर आले तर गाडीचा आकडा पाहून मोजून घ्यायला सांगायचे. ‘पाच मिनिटे’ म्हटल्यास पायी की गाडीने, हे विचारलेच पाहिजे.

फोटोचे दोष वेगळे. तिरका घेतलेला फोटो लांबची बाजू आखूड करतो आणि सरळ रस्ता तिरका भासवतो. घडीची सुरकुती पायवाटेसारखी दिसते. पेन्सिलीची बारीक रेघ व्हॉट्सअ‍ॅपवर आकार कमी होताना पुसट होते, म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. सर्वांत घातक म्हणजे पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेला फोटो. काही फोनमध्ये तो आरशासारखा उलटा साठतो आणि सगळी वळणे बदलतात. ओळखायची खूण सोपी आहे: नकाशावरची अक्षरे उलटी दिसतात. नकाशावर एकही अक्षर नसेल तर मात्र हे कळत नाही, म्हणून यजमानाला निदान घराशेजारी ‘घर’ एवढे तरी लिहायला लावावे.

खूण निवडताना ती पाहुण्याला ओळखता आली पाहिजे आणि तो येईल त्या दिवशी दिसली पाहिजे. ‘सावंतांचा मांगर’ ही गावातल्यांची खूण, पाहुण्याला तो मांगर सावंतांचा आहे हे कुठून कळावे? मे महिन्यात कोरडा असलेला व्हाळ भाद्रपदात भरून वाहतो, आणि उन्हाळ्यात लांबून दिसणारा गडगा गणपतीत गवताआड जातो. देऊळ, शाळा, पूल, पार या टिकणाऱ्या खुणा. रात्री येणाऱ्यासाठी त्यातलीही दिवा असलेली घ्यावी. महामार्गाच्या चौपदरीकरणात जुनी झाडे गेली आणि अनेक ठिकाणी सरळ उजवे वळण राहिले नाही, त्यामुळे आजोबांच्या आठवणीतला फाटा आजही तसाच आहे का, हे तिथून नुकत्याच गेलेल्या माणसाला विचारून घ्यावे.

हे सगळे तपासल्यावर मुंबईकडून येणाऱ्यांसाठी मजकूर असा होतो:

“महामार्गावर गावाच्या नावाची पाटी दिसली की डावीकडच्या सेवा रस्त्याला उतरा. पुढे उजवीकडे वळून भुयारी मार्गातून महामार्गाच्या पलीकडे या आणि सरळ चला. दीड किलोमीटरवर उजव्या हाताला कौलारू शाळा लागेल. शाळेनंतर व्हाळावरचा अरुंद पूल आहे, तो ओलांडा. पुढे पिंपळाचा पार येईल, तिथे डावीकडे वळा. रवळनाथाचे देऊळ लागले तर पार मागे राहिला, परत फिरा. वळल्यावर दोनशे मीटरवर उजव्या हाताचे तिसरे घर, निळे फाटक. गाडी फाटकाबाहेर लावता येते.”

यात देवळाचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. देऊळ वाटेत नाही, वाट चुकल्यावरच ते दिसते. नकाशात अशी खूण वेगळी काढलेली नसते, ती लिहिणाऱ्यानेच शोधून घालायची असते. जिथे चुकण्याचा संभव आहे त्या प्रत्येक वळणापुढे अशी एक खूण द्यावी. सरळ रस्त्यावर तिची गरज नाही, आणि तिथे खुणांची गर्दी केली तर पाहुणा प्रत्येक झाडापाशी गाडी हळू करतो.

गोव्याकडून येणाऱ्यांसाठी याच मजकुरात ‘डावे’च्या जागी ‘उजवे’ घालून भागत नाही. त्यांना भुयारी मार्ग लागतच नाही. ते सेवा रस्त्याला उतरून थेट डावीकडे गावाच्या रस्त्याला लागतात, आणि शाळेपासून पुढची वाट मात्र दोघांची एकच. म्हणून सुरुवातीचे परिच्छेद दोन आणि पुढचा एक, अशी मांडणी करावी.

फोनवरचे ठिकाण पाठवले असले तरी हा मजकूर सोबत द्यावा. वाडीत ते ठिकाण कधी शेजारच्या रस्त्यावर पडते, आणि व्हाळाच्या खोलगटात नेटवर्क जाते. मजकूर कागदावर छापलेला असेल तर त्याला नेटवर्क लागत नाही.

लिहून झालेला मजकूर घर न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्यावा आणि त्यावरून त्याला नकाशा काढायला सांगावे. त्याने काढलेला नकाशा आजोबांच्या नकाशाशी ताडून पाहावा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथले वाक्य पुन्हा लिहावे.