दहापट विरार : एका आकड्याची उलटतपासणी

काही वर्षांपूर्वी विरारमधल्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मी गावाच्या वाढीवर दोन पानांचा मजकूर लिहून दिला. हाती असलेल्या टिपणांची वही पन्नासेक पानांची, तेव्हा गोषवारा करणे भाग होते. त्यातले एक वाक्य असे होते : ‘2001 साली 1 लाख 19 हजार असलेली विरारची लोकसंख्या 2011 साली 12 लाख 22 हजारांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत दहापट झाली.’ दोन्ही आकडे जनगणनेतले. दोन्ही मी स्वतः उतरवून घेतलेले. तरीही वाक्य खोटे होते, आणि ते माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली.

लक्षात आणून दिले ते आमच्या फुलपाड्यातल्याच एका मुलाने. तो महाविद्यालयात भूगोल शिकत होता. पापडखिंडीच्या धरणाकडे संध्याकाळी फिरायला जाताना भेटला आणि म्हणाला, “काका, तुमचा आकडा मी प्रकल्पात घेतला. सर विचारतात, 2001 मधलं विरार आणि 2011 मधलं विरार एकच आहे का?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच थांबलो.

एकच नव्हते. 2001 चा आकडा विरार नगरपरिषदेचा. 2011 चा आकडा वसई-विरार शहर महानगरपालिकेचा. ही महापालिका जुलै 2009 मध्ये अस्तित्वात आली, ती विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपरिषदा व भोवतालची अनेक गावे एकत्र करून. माझ्या वहीत पहिल्या आकड्यापुढे ‘न.प.’ आणि दुसऱ्यापुढे ‘म.न.पा.’ असे नीट लिहिलेले होते. पन्नास पानांची दोन पाने करताना ती अक्षरे तेवढी गळाली. जनगणनेच्या तक्त्यात ‘वसई-विरार’ असे जोडनाव होते, त्याचे माझ्या वाक्यात नुसते ‘विरार’ झाले.

घरी येऊन मी हिशेब मांडला. माझ्या वाक्याप्रमाणे दहा वर्षांत सुमारे 11 लाख 3 हजार माणसे वाढली. पण 2001 सालीच चारही नगरपरिषदांची मिळून लोकसंख्या सुमारे 4 लाख 70 हजार होती. त्यातले विरारचे 1 लाख 19 हजार वजा केले, तर साडेतीन लाख माणसे तेव्हाच नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसईत नांदत होती. मी त्यांना ‘वाढ’ म्हणून मोजले होते. शिवाय नंतर सामील झालेल्या गावांतली माणसे वेगळीच.

खरी वाढ काढायची, तर दोन्ही वेळी ज्याची हद्द सारखी आहे असे एकक हवे. ते वसई तालुक्यात सापडले. तालुक्याची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 7 लाख 96 हजार, 2011 मध्ये सुमारे 13 लाख 43 हजार. म्हणजे वाढ 5 लाख 47 हजारांची, सुमारे 69 टक्के. दहापट नव्हे, पावणेदोन पटीच्याही थोडी आत. महापालिका सगळी तालुक्याच्या पोटातच आहे. उरलेल्या गावांची वस्ती घटली नाही असे धरले, तर महापालिकेतली वाढ तालुक्याच्या वाढीहून जास्त असू शकत नाही. मी सांगितलेल्या 11 लाखांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आधीपासून इथलीच होती.

हे केवळ गणितातले चुकणे असते, तर एवढे वाईट वाटले नसते. पण ते वाक्य तोवर माझ्या हातातून सुटले होते. एका सभेत मी ते माझ्याच कानांनी ऐकले : विरार दहापट झाले, तेव्हा दहांतले नऊ बाहेरचे. गंमत पाहा, या नवांत बावखलाच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाडी शिंपणारे गावकरीही होते. महापालिकेत आम्हाला घेऊ नका म्हणून गावांनी आंदोलन केले होते. त्या जुन्या माणसांनाच माझ्या गोषवाऱ्याने नवे ठरवले.

त्यानंतर मी सगळी दोन पाने मूळ पुस्तकांशी पुन्हा ताडून पाहिली. साक्षरतेच्या ओळीत दुसरी चूक निघाली, आणि तिची जात वेगळी होती. मी लिहिले होते की महाराष्ट्राची साक्षरता 1981 मध्ये 47.18 टक्के होती, ती 1991 मध्ये 64.87 टक्के झाली. इथे हद्द तीच होती, पण छेद बदलला होता. 47.18 हा आकडा काढताना तान्ह्या बाळांसकट सगळी लोकसंख्या छेदात धरली आहे. 1991 पासून छेदात सात वर्षे व त्यापुढचीच माणसे धरतात. त्याहून लहान मूल शाळेत जात असले तरी साक्षरांत मोजत नाहीत. 1981 चा आकडा याच रीतीने काढला तर तो 57.24 येतो. म्हणजे वाढ पावणेअठरा टक्क्यांची नव्हे, साडेसातच्या थोडी वर. हे सांगणारी टीप तक्त्याखाली बारीक अक्षरांत असते, आणि गोषवारा करणारा माणूस पहिल्यांदा टीपच सोडतो.

ही चूक ओळखायचा सोपा उपाय आहे. जनगणनेच्या तक्त्यात एकूण लोकसंख्या, 0 ते 6 वयाची मुले आणि साक्षर असे तीन वेगळे रकाने असतात. टक्केवारी उतरवून घेण्याआधी आपण स्वतः भागाकार करावा. 2011 साठी महाराष्ट्राचे आकडे ढोबळमानाने असे : लोकसंख्या 11 कोटी 24 लाख, लहान मुले 1 कोटी 33 लाख, साक्षर 8 कोटी 16 लाख. मुले वगळून भागले तर 82.3 टक्के येतात, न वगळता 72.6. छापलेला आकडा 82.34 आहे, तेव्हा छेद कोणता हे लगेच कळते.

व्याख्येचेही तेच. माझ्या टिपणात ‘साक्षर म्हणजे लिहिता-वाचता येणारा’ असे होते. गोषवाऱ्यात ‘वाचता येणारा’ एवढेच उरले. जनगणनेला दोन्ही लागते, तेही समजून. शाळेत गेलेले असण्याची अट मात्र नाही. माझी आजी पोथी वाचत असे, लिहिता येत नसे. माझ्या वाक्यात ती साक्षर ठरत होती, जनगणनेत नाही.

आता मी गोषवारा झाला की उलट दिशेने जातो. मूळ पुस्तक आधी उघडत नाही. गोषवाऱ्यातल्या प्रत्येक आकड्याखाली रेघ मारतो आणि समासात लिहितो : कुठल्या हद्दीचा, कुठल्या वर्षाचा, कितींपैकी, आणि तात्पुरता की अंतिम. शेवटचा प्रश्नही फुकटचा नाही. वसई-विरारचाच 2011 चा तात्पुरता आकडा 12,21,233 होता, अंतिम 12,22,390 आहे. गोषवारा वाचून ज्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तिथे काहीतरी गळाले आहे असे धरून मगच पुस्तक उघडतो. काही वेळा पुस्तकातच तो आकडा नसतो. ‘2011 च्या जनगणनेतील पालघर जिल्हा’ असे आपण सहज लिहितो. पण हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. 2011 च्या पुस्तकात आपण ठाणे जिल्ह्यात आहोत. पालघरचा आकडा तालुक्यांची बेरीज करून नंतर काढलेला असतो, आणि तसे म्हणायला हवे.

वाचनालयाच्या पुढच्या अंकात मी चार ओळींची दुरुस्ती छापून घेतली. किती जणांनी वाचली कोण जाणे. त्या मुलाने मात्र प्रकल्पात तालुक्याचे आकडे घातले आणि शेजारी कंसात ‘हद्द न बदललेली’ असे तीन शब्द लिहिले. माझ्या दोन पानांत तेवढेच राहून गेले होते.