पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हीमोग्लोबिनुरिया (पीएनएच)

शरीराच्या स्वतःच्या संरक्षक प्रथिनांकडून, म्हणजे कॉम्प्लिमेंट यंत्रणेकडून, तांबड्या रक्तपेशी रक्तवाहिन्यांतच फुटण्याचा हा दुर्मीळ, जन्मानंतर उद्भवणारा विकार आहे. सकाळची पहिली लघवी बिनदुधाच्या चहासारखी गडद होणे हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध लक्षण. रुग्णाच्या जिवावर मात्र उठतात त्या रक्ताच्या गुठळ्या. पाठ्यपुस्तकांनी लघवीला जी अग्रपूजा दिली तिच्यामुळे निदान लांबते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिल्या भेटीत गडद लघवीची तक्रार सांगणारे रुग्ण अल्पसंख्य असतात. उरलेले थकवा, पुन्हापुन्हा खाली जाणारे हीमोग्लोबिन, पोटदुखी किंवा थेट यकृताच्या शिरेतील गुठळी घेऊन येतात. म्हणून या रोगाचा शोध रंगाऐवजी त्याच्या कारणापासून सुरू करायला हवा.

कारण अस्थिमज्जेतील एका मूळपेशीत असते. क्ष गुणसूत्रावरील PIGA जनुकात बिघाड होतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने अडकवून ठेवणारा मेदयुक्त नांगर तयार होत नाही. हा बिघाड आयुष्यात मागाहून होतो, त्यामुळे रोग आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. पुरुषात क्ष गुणसूत्र एकच असते आणि स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एकच कार्यरत असते. म्हणून दोघांतही एकच आघात पुरतो. ओसाका येथील किनोशिता यांच्या गटाने 1993 मध्ये हे जनुक ओळखले. नांगराअभावी पेशीवरून CD55 आणि CD59 ही प्रथिने नाहीशी होतात. कॉम्प्लिमेंट यंत्रणा रक्तात सतत मंद गतीने जागी असते. निरोगी पेशीवर CD59 तिची शेवटची पायरी अडवते. ते नसले की पेशीच्या आवरणाला भोक पडते, पाणी आत शिरते आणि पेशी फुटते. अशा सदोष पेशींचा कळप मज्जेत वाढतो तो बहुधा दुसऱ्या एका संकटामुळे. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात प्रतिकारशक्ती निरोगी मूळपेशींवर हल्ला करते, त्यातून सदोष पेशी निसटतात. मज्जा अशक्त असणे आणि पीएनएच असणे हे वारंवार एकत्र दिसते ते यामुळेच.

मग रात्रीचा संबंध कुठे येतो? जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे पाउल श्ट्रयूबिंग यांनी 1882 मध्ये एका 29 वर्षांच्या गाडे बनवणाऱ्या कारागिराचे वर्णन केले. लघवी गडद झाली की त्याच्या रक्ताचा द्रवभागही तांबूस दिसे, यावरून पेशी मूत्रपिंडात नव्हे तर रक्तवाहिन्यांतच फुटतात असा बरोबर निष्कर्ष त्यांनी काढला. झोपेत रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ते जबाबदार धरत. पुढे 1937 मध्ये थॉमस हॅम यांनी आम्लयुक्त सीरममध्ये या पेशी फुटतात हे प्रयोगशाळेत दाखवले आणि कित्येक दशके हॅम चाचणीनेच निदान झाले. त्यांनीच हेही दाखवले की रुग्ण दिवसा झोपला आणि रात्री जागला तर गडद लघवीची वेळही बदलते. म्हणजे संबंध घड्याळाशी नाही, झोपेशी आहे. पण झोपही पुरते स्पष्टीकरण देत नाही. पेशी चोवीस तास फुटत असतात, ताप किंवा जंतुसंसर्ग झाला की कॉम्प्लिमेंट चेतते आणि भर दुपारी मोठा झटका येतो. सकाळची लघवी घट्ट असल्याने तोच रंग तेव्हा अधिक उठून दिसतो.

एक नमुना घेऊ. तो कल्पित आहे, आकडे मात्र या रोगाला साजेसे. विश्रामबागच्या एखाद्या दवाखान्यात तिशीचा माणूस येतो. हीमोग्लोबिन 7.5, प्लेटलेट 90,000, डोळे किंचित पिवळे. वर्षभर लोहाच्या गोळ्या चालू, तरी लोह कमीच. लघवीच्या पट्टीवर रक्त ठळक, पण सूक्ष्मदर्शकाखाली एकही तांबडी पेशी नाही. मूतखडा असता, तर पेशी दिसल्या असत्या आणि नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी बसल्या असत्या. इथे वरचा द्रव गडदच राहतो. एलडीएच नेहमीच्या मर्यादेच्या सहापट, कूम्ब्स चाचणी नकारात्मक. म्हणजे पेशी फुटताहेत आणि त्यांना प्रतिपिंडे फोडत नाहीत. लोह कमी का, याचे उत्तरही इथेच आहे: फुटलेल्या पेशींतले लोह लघवीवाटे सतत बाहेर पडते. पित्ताचा विकार म्हणून काविळीवर आणि रक्तक्षयावर वेगवेगळे उपचार करत राहिले, तर हे धागे कधीच एकत्र येत नाहीत.

पुढची पायरी फ्लो सायटोमेट्री. इथे दोन गोष्टी जपाव्या लागतात. रक्त नुकतेच चढवले असेल, तर तांबड्या पेशींची गणती दात्याच्या पेशींमुळे फसवी निघते, म्हणून ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशीही तपासतात. त्यांत नांगर आहे का हे फ्लेअर नावाच्या चमकत्या रंजकाने कळते. आणि पांढऱ्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे ईडीटीए नळीतला नमुना शक्यतो दोन दिवसांच्या आत तपासला जावा. तपासणी स्थानिक नसेल, तर नमुना रातोरात मोठ्या शहरात जायला हवा. असे एक ठिकाण म्हणजे मुंबईत केईएमच्या आवारातली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय रक्तप्रतिकारविज्ञान संस्था.

यावर रास्त आक्षेप असा, की दहा लाखांत मोजके रुग्ण असणाऱ्या रोगासाठी प्रत्येक रक्तक्षयाला ही महागडी चाचणी कशी करायची? करायची नाहीच. कूम्ब्स नकारात्मक असताना रक्तवाहिन्यांत पेशी फुटणे, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया आणि अनपेक्षित जागची गुठळी, या तीन दारांशीच ती थांबते. तिसऱ्या दाराशी सर्वाधिक चुका होतात. यकृताच्या शिरा बंद होण्याला बड-चिअरी म्हणतात. तिथे वंशागत गोठणदोषांच्या चाचण्या होतात आणि त्या शुद्ध आल्या की शोध थांबतो. पीएनएच वंशागत नाही, म्हणून त्या चाचण्यांतून तो दिसणारच नाही.

गुठळ्या का होतात? फुटलेल्या पेशींतले मोकळे हीमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. गिळताना दुखणे आणि पोटातल्या कळाही त्यातूनच येतात. शिवाय प्लेटलेटवरही CD59 नसते, त्यामुळे कॉम्प्लिमेंट त्यांना चेतवते. सदोष ग्रॅन्युलोसाइट निम्म्याहून जास्त असणाऱ्यांत दहा वर्षांत गुठळी होण्याचे प्रमाण 44 टक्के आणि त्याहून कमी असणाऱ्यांत 5.8 टक्के, असे 2003 च्या एका ब्रिटिश अभ्यासात आढळले. मग वॉरफरिन देऊन भागेल, हा दुसरा आक्षेप. ते देतात, पण ते चालू असतानाही गुठळ्या होतात, आणि प्लेटलेट आधीच कमी असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूळ कारण अडवणारे एक्युलिझुमाब 2007 मध्ये मान्य झाले. ते कॉम्प्लिमेंटचा C5 हा घटक रोखते. चाचण्यांत गुठळ्यांचे प्रमाण सुमारे 85 टक्क्यांनी घटले.

त्याच्याही मर्यादा आहेत. C5 रोखल्यावर मेनिंगोकॉकस जंतूविरुद्धचे संरक्षण क्षीण होते, म्हणून तातडी नसेल तर किमान दोन आठवडे आधी लस द्यावी लागते. लस घेतलेल्यानेही ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काहींत पेशींवर C3 साचून त्या यकृत-प्लीहेत नष्ट होतात आणि रक्तक्षय उरतो. 2023 मध्ये आलेले तोंडाने घ्यायचे इप्टाकोपान त्याआधीची पायरी, फॅक्टर बी, अडवते. ही औषधे सदोष मूळपेशी काढून टाकत नाहीत. थांबवली की पेशी पुन्हा फुटू लागतात. रोग मुळापासून काढणारा उपाय मूळपेशी प्रत्यारोपण हाच, पण त्यातला मृत्यूचा धोका पाहता तो मुख्यतः मज्जा निकामी झालेल्यांसाठी राखून ठेवतात.