नंदुरबार जिल्ह्यातील ग्रामपंचायतींचे लेखापरीक्षण

नंदुरबार जिल्ह्यातील ग्रामपंचायतींचे लेखापरीक्षण म्हणजे ग्रामनिधीत जमा झालेल्या आणि त्यातून खर्च झालेल्या रकमांची तपासणी होय. ग्रामनिधीची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये आहे. ही तपासणी राज्याच्या वित्त विभागाखालील स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा करते.

करवसुली

घरपट्टीची आकारणी नमुना ८ मध्ये, मागणी नमुना ९ मध्ये नोंदवली जाते आणि करदात्याला नमुना १० ची पावती मिळते. लेखापरीक्षक पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींची बेरीज रोकडवहीशी व बँकेच्या खातेपुस्तकाशी ताडून पाहतो. समजा, वर्षभराच्या पावत्या १,९५,००० रुपयांच्या आहेत, पण बँकेत १,७८,००० रुपयेच भरले आहेत. उरलेले १७,००० रुपये हाती शिल्लक दाखवले असतील, तर ती रोकड प्रत्यक्ष मोजली जाते. वसुलीतून परस्पर खर्च केला असेल, तर प्रमाणक असूनही आक्षेप निघतो. पावतीच न देता घेतलेली रक्कम मात्र या पद्धतीने सापडत नाही. त्यासाठी थकबाकीदारांकडे जाऊन त्यांच्याजवळच्या पावत्या पाहाव्या लागतात.

अनुदाने

जिल्ह्यातील नवापूर, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके पूर्णतः, तर शहादा व नंदुरबार अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथील ग्रामपंचायतींना वित्त आयोगाच्या निधीखेरीज २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी मिळतो. हा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात दिला जातो. त्यामुळे ग्रामपंचायतीची एकूण बेरीज जुळली, तरी तपासणी संपत नाही. एका गावाच्या वाट्याचा पैसा दुसऱ्या गावात खर्च झाला का, आणि कामाला संबंधित ग्रामसभेचा ठराव आहे का, हे पाहावे लागते. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी असतो. त्यातून रस्ता केल्यास काम उत्तम असूनही तो खर्च आक्षेपार्ह ठरतो.

कामांवरील खर्च

अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, अभियंत्याने नोंदवलेली मोजमापे व देयक या क्रमाने कागद तपासले जातात. मोजमाप पुस्तिकेत १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता असेल, तर काँक्रीट ४५ घनमीटर होते. जागेवर लांबी-रुंदी तेवढीच, पण जाडी १२ सेंटिमीटर भरली, तर ते ३६ घनमीटरच ठरते. उरलेल्या ९ घनमीटरची किंमत वसूलपात्र होते. लांबी टेपने लगेच कळते. जाडी कडेला उकरल्याशिवाय किंवा नमुना कापून काढल्याशिवाय कळत नाही. लेखापरीक्षण मुख्यतः दप्तरावर चालते आणि अक्राणीतील पाडे सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेले आहेत. त्यामुळे कागदोपत्री निर्दोष खर्चातील ही उणीव नजरेआड राहू शकते.

अहवालातील प्रत्येक आक्षेपाला ग्रामपंचायतीने अनुपालन सादर करायचे असते. अधिनियमाच्या कलम ८ नुसार वार्षिक हिशेब, मागील लेखापरीक्षा टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे ठेवावी लागतात. कागदावरचा रस्ता गावात किती आहे, हे तेथे जमलेल्या ग्रामस्थांना ठाऊक असते.