चामड्याच्या कड्याची करामत

भरल्या मालमोटारीचे चाक बदलताना तुम्ही पाहिले असेल. क्लीनर आसाखाली वीतभर उंचीचा जॅक ठेवतो, दांडा खालीवर करतो आणि गाडी हळूहळू वर येते. एका पोराच्या हातात एवढे बळ येते कुठून?

जॅकमध्ये दोन दट्ट्ये असतात, एक लहान, एक मोठा, मधे तेल. तेल दाबून जवळजवळ आकसतच नाही. म्हणून एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. समजा, लहान दट्ट्याचे तोंड १ चौरस सेंटिमीटर आहे आणि मोठ्याचे ५०. दांड्यावर १० किलोचा भार दिला, तर तरफेमुळे लहान दट्ट्यावर १०० किलोचा भार येईल. तोच दाब मोठ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणार. म्हणजे एकूण ५,००० किलो! पण फुकट काही मिळत नाही बरं का. लहान दट्ट्या अडीच सेंटिमीटर खाली जाईल, तेव्हा गाडी अर्धा मिलिमीटरच उचलली जाईल. म्हणूनच दांडा पुनःपुन्हा मारावा लागतो, आणि तेल मागे येऊ नये म्हणून आत झडपा असतात.

हे तत्त्व फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सांगितले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. पण कामाचे यंत्र निघाले १७९५ साली, लंडनचा कुलुपे करणारा जोसेफ ब्रामा याच्या हातून. त्याला छळले ते गळतीने. दट्ट्याभोवतीचे आवरण सैल ठेवले तर पाणी निसटे. घट्ट आवळले तर दाब काढल्यावरही दट्ट्या खाली येईना!

यावर तोड निघाली ती चामड्याच्या कड्याची. तिचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. कडे पन्हळीसारखे दुमडलेले, आणि पन्हळीचे तोंड पाण्याकडे. दाब वाढला की पाणी पन्हळीत शिरून तिचे ओठ दोन्ही बाजूंना दाबून धरी. दाब गेला की ओठ सैल पडत आणि दट्ट्या सुटे. जो दाब गळती करी, त्यालाच राखणीला बसवले म्हणा ना!

तरी गळती कायमची संपली असे नाही. कडे झिजले की उचललेला भार आपोआप खाली बसू लागतो. तेलात हवा शिरली की दांडा स्पंजासारखा लागतो, कारण हवा आकसते. शिवाय धातूही दगा देतो. १८४९ साली वेल्समध्ये ब्रिटानिया पुलाची अजस्र लोखंडी नळी पाण्याच्या दाबाने चढवताना यंत्राचा तळ फुटला. रॉबर्ट स्टीफन्सनने नळीखाली जागच्या जागी भराव करीत जाण्याची ताकीद दिली होती, म्हणून ती काही इंचच खाली आली आणि वाचली.

तेव्हा जॅकवर गाडी चढली, तरी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय तिच्याखाली कुणाला शिरू देऊ नका.